टाकणखार हिरड्यांना नकोच

रविवारच्या पुरवणीतील बाळाच्या दात येण्याविषयीच्या लेखात ‘टाकणखाराची लाही मधातून हिरड्यांना चोळावी’ असा सल्ला वाचला. हा उपाय आमच्या घरीही चालत असे, तरी तो छापायला नको होता. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो बाळाच्या पोटात जातो आणि रोज चोळला की शरीरात साठत जातो. 1983 साली ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांनी सात तान्ह्या बाळांची नोंद प्रसिद्ध केली. मध-बोरॅक्समध्ये बुडवलेली चोखणी दिल्याने त्यांना झटके येत होते. ते मिश्रण बंद करताच झटके थांबले. शिवाय वर्षाआतील बाळाला नुसता मधही बोटुलिझम या जिवाणूजन्य विषबाधेच्या धोक्यामुळे वर्ज्य आहे.

म्हणून दुकानातले बधिर करणारे जेल आणावे, तर तेही नको. लाळेबरोबर ते काही मिनिटांत गिळले जाते. त्यातील बेन्झोकेनमुळे क्वचित रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. ओठ-नखे निळसर दिसू लागली तर तातडीने रुग्णालय गाठावे. काही जेलमध्ये असणाऱ्या लिडोकेनच्या जादा मात्रेने झटके येऊ शकतात.

आमच्या नातीला धुतलेल्या बोटाने हिरडी हलके दाबून आणि फ्रिजमध्ये गार केलेले (गोठवलेले नव्हे) ओले फडके चावायला देऊन पुरले.

— एक वाचक, सातारा