बँकवाल्याला रसवंती दिली होती

नागपूर, १२ मे

प्रिय सुध्या,

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, मनापासून माफी माग‌तो. गुडघा बरा, आईही बरी. आज बसलोय ते एका वाक्यापायी, आणि ते तुझ्याशिवाय सांगू कोणाला?

मंडळासाठी इंग्रजी एकांकिका मराठीत करतोय. त्यात नोकरी सोडलेला एकजण म्हणतो, ‘आय यूज्ड टू बी अ बँकर, बट आय लॉस्ट इंटरेस्ट.’ तिकडे व्याज आणि गोडी, दोन्हींना एकच शब्द. आपणही बोलताना दोन्हीकडे इंटरेस्ट म्हणतोच, म्हणून मी लिहिलं, ‘बँकेत होतो, पण इंटरेस्ट गेला.’ परवा धरमपेठेत वाचन झालं, कोणी हसलं नाही. मावशी म्हणाल्या, ‘कंटाळला असेल बिचारा.’ बँक म्हटलं की त्यांच्या मनात व्याज येतं, इंटरेस्ट नाही. मग दुसरा अर्थ लागणार कुठून?

येताना बर्डीवर रसवंतीपाशी थांबलो. पोरगा चिपाडं दुमडून पुन्हा चरकात घालत होता, घुंगरं वाजत होती, आणि तिथंच सापडलं: ‘आधी रसवंती चालवायचो, पण आता त्यात रस उरला नाही.’ बघ ना, शेवट जसाच्या तसा आला, बदलला फक्त धंदा!

तुझी तळटीप आठवली. ‘वर खाली उभा आहे’चं इंग्रजी करून तू खाली खुलासा दिला होतास, वर म्हणजे नवरदेव आणि वरचा मजलाही. किती भांडलो होतो बे त्यावर! मी अजूनही म्हणतो, डोळा खाली जाऊन परत येईतो हसू विझतं. आणि रंगमंचावर तळटीप लावणार कुठे?

पण रसवंतीही टिकली नाही. तिसऱ्या प्रवेशात याचा जुना साहेब बँकेचे फॉर्म घेऊन येतो, म्हणजे माणूस बँकेतलाच हवा. मग तो विनोद सोडूनच दिला आणि त्या जागी त्याचं काम काय, ते पाहिलं: नोकरी का सुटली ते सांगायचं आणि बँकेवर हसवायचं. बँकेचेच शब्द काढून बसलो. खातं, हप्ता, तारण, ठेव. रात्री एकला जमलं:

‘साहेब रोज म्हणायचे, ठेव आण, ठेव आण. एक दिवस राजीनामा आणला. म्हणाले, ठेव.’

आधी शेवट ‘मी राजीनामा ठेवला’ असा होता. तो पडला, कारण ‘ठेवला’त पैशाची ठेव ऐकूच येत नाही. शब्द तोच, त्याच रूपात आणि अगदी शेवटी यायला हवा.

एकच गोष्ट खुपतेय. मूळचा माणूस आपल्या मनानं निघतो, माझ्या माणसाला कोणी थांबवत नाही. त्यानं तो जास्त दुखावलेला वाटतो.

पिंकीच्या प्रवेशाचं काय झालं, वहिनींची बदली थांबली का, कळव.

शनिवारी तालीम आहे. त्याआधी फोन करून सांग, साहेबाचं ते ‘ठेव’ तुसडं असावं, की फाईलमधून मान वर न करता म्हटलेलं?

तुझा,
बाळ्या