पहिल्या सोलोतला गो अराउंड

आदरणीय सर,

माझ्या पहिल्या एकटीच्या उड्डाणाच्या सकाळी तुम्ही सेसना १५२ मधून उतरलात, उजव्या सीटचा मोकळा पट्टा स्वतः घट्ट बांधलात आणि म्हणालात, "एकच सर्किट. लँडिंग जुळलं नाही तर पुन्हा वर." आभार त्याच वाक्याचे मानायचे आहेत, म्हणून हे पत्र.

तुमचं वजन कमी झाल्याने विमान लवकर चढेल, हे तुम्ही सांगितलं होतं. हजार फूट खरंच कधी आले ते कळलं नाही. उतरतानाही तेच कमी झालेलं वजन आड येईल, हे मात्र मी विसरले. फायनलवर वेग ६० नॉट हवा होता, माझा ७० होता. धावपट्टीवर येऊन पॉवर काढली, नोज हलकेच वर धरलं, आणि विमान टेकेचना! जमिनीपासून चार-पाच फुटांवर ते नुसतं तरंगत राहिलं. बाजूची खूण मागे गेली. तुम्ही ठरवून दिलेला धावपट्टीचा पहिला एक तृतीयांश भाग संपला होता.

जबरदस्तीने टेकवावं असं क्षणभर वाटलं. तसं केलं असतं तर पुढचं चाक आधी आपटून विमान उसळलं असतं.

पण हात आधीच पुढे गेला होता. थ्रॉटल पूर्ण, कार्ब हीट बंद. उतरण्यासाठी ट्रिम केलेलं असल्यामुळे पूर्ण पॉवर मिळताच नोज झपकन वर उठलं. तेव्हा ते ढकलून धरावं लागतं, नाहीतर वेग पडून स्टॉल जवळ येतो. डावीकडे वळू पाहणारं नोज उजव्या रडरने सरळ ठेवलं. फ्लॅप ३० वरून २० वर आणले; सगळे एकदम काढले असते तर लिफ्ट तुटून विमान खाली बसलं असतं. वेग ५५ च्या पुढे गेला, विमान चढू लागलं, तेव्हा उरलेले फ्लॅप हळूहळू काढले. "गोइंग अराउंड" मी सगळ्यात शेवटी म्हणाले. आधी विमान, मग रेडिओ, हेही तुमचंच.

सर, बरेच जण गो अराउंडचा सराव तीनशे फुटांवरून करतात. तिथे वेळ असतो. तुम्ही मला अगदी फ्लेअरमधून, चाकं टेकायच्या बेतात असताना, "गो!" म्हणून कितीतरी वेळा वर न्यायला लावलंत. तेव्हा मला राग यायचा. माझं चांगलं चाललेलं लँडिंग तुम्ही मोडता, असं वाटायचं. "प्रत्येक अप्रोच गो अराउंडसाठीच आहे असं धर. सगळं जुळलं तरच उतर," असं तुम्ही म्हणायचात. एकटी असताना मला नव्याने काही ठरवावं लागलं नाही, ते त्यामुळेच.

दुसऱ्या फेरीत वेग ६० वर धरला आणि विमान पहिल्या एक तृतीयांश भागातच टेकलं.

एप्रनवर तुम्ही दाराशी आलात. मला वाटलं, आधी वेग का वाढला ते विचाराल. तुम्ही विचारलंत, "पॉवर दिल्यावर नोज ढकललंस ना?"

हो सर, ढकललं.

तुमची विद्यार्थिनी