कॅनडाला फोन

सांगली

चि. ज्ञानदा हिस अनेक आशीर्वाद.

परवा तुला फोन आला नाही म्हणून तू रुसलीस. फोन केला होता गं. तो मकरंददादाला लागला.

आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून तिला मोबाइलवरची नावं वाचता येत नाहीत, म्हणून तुझ्या आईने तिला बोलून फोन लावायला शिकवलं. आजीने सकाळी साडेअकराला मोबाइल तोंडाजवळ धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कॉल ज्ञानदा." मोबाइलमधली बाई आनंदाने हो म्हणाली. टोरांटोत रात्रीचा 1 वाजलेला. मकरंद घाबरून उठला, त्याला वाटलं आजीचंच काहीतरी झालं. आजी म्हणते, "तू कशाला मधे बोलतोस? ज्ञानदाला दे."

मी आधी मकरंदचं नाव तपासलं. ते मीच 'Makarand Canada' असं टाकून ठेवलेलं. पण बाईने कॅनडा आणला कुठून? त्यासाठी आजीला पुन्हा बोलायला लावलं आणि कानांऐवजी डोळे पडद्यावर ठेवले. बोलल्यावर क्षणभर तिथे ऐकलेलं उमटतं, ते बघायचं असतं. उमटलं, `Call Canada`. म्हणजे यादीत शोधताना चूक झाली नव्हती, ऐकण्यातच झाली होती. हा फरक कळेपर्यंत मी उगाच नंबर पुसून पुन्हा भरत बसलो होतो.

आता दोष कुणाचा? थोडा ज्ञ चा. आपण द्न्य म्हणतो, हिंदीवाले ग्य, गुजराती ग्न. शिवाय मोबाइलची भाषा इंग्रजी ठेवलेली, कारण यादीतली सगळी नावं इंग्रजीत. इंग्रजीला द आणि ड वेगळे ठाऊक नाहीत आणि सुरुवातीचा द्न्य तर तिच्या बापजन्मात नाही. मग ती यंत्रबाई आपल्या ओळखीच्या शब्दांतला सगळ्यात जवळचा उचलते. न्यानदा, कॅनडा. यमक तर जुळतंच, आणि यादीत कॅनडा बसलेलाच.

आईचा उपाय होता सावकाश बोलण्याचा. "द्... न्या... न... दा." शाळेत जोडाक्षर फोडून शिकवतात तसं. पडद्यावर आलं `The Nana Da`. तुकडे केले की प्रत्येक तुकडा वेगळा शब्द वाटतो, त्यामुळे सावकाश बोलून काम आणखी बिघडतं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असताना ट्रंक कॉलला नाव कळलं नाही तर 'डी फॉर दिल्ली' करत स्पेलिंग घ्यायचो. तेही करून पाहिलं. बाईने दिल्लीचं हवामान सांगितलं.

मग तुझ्या नावाखाली `Phonetic first name` अशी जागा सापडली, उच्चार लिहायची. तिथे 'Gyanada' टाकलं. हे चाललं! पण त्यासाठी आजीने 'ग्यानदा' म्हणायला हवं ना. ती ऐकेना. "ज्ञानेश्वरीवरून ठेवलेलं नाव आहे, मी ग्यानेश्वरी म्हणणार नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी तिनेच वाट काढली. चिडून म्हणाली, "मेल्याला चिमणी तरी कळते का बघ." मग "कॉल चिमणी" म्हणाली आणि पडद्यावर स्वच्छ उमटलं, `Call Chimney`. बरोबरच आहे, तो इंग्रजीतलाच शब्द. मला तेव्हा उमगलं, की बाईला आपलं नाव शिकवत बसण्यापेक्षा तिच्या ओळखीचा आणि आपल्या तोंडातला असा एक शब्द शोधायचा. तुला लहानपणापासून चिमणीच म्हणतो, तेव्हा आजीला काही नवं शिकावं लागलं नाही. तुझ्या नावाखाली `Nickname` मध्ये 'Chimney' टाकलं.

लगेच दुसरी भानगड. स्वयंपाकघरातली चिमणी साफ करणारा गृहस्थही यादीत 'Chimney' नावानेच होता. त्याने आजीला विचारलं, "किती जाळ्या आहेत?" आजी म्हणाली, "तुझं लग्नाचं बघतोय आम्ही, जाळ्या कसल्या!" आता त्याचं नाव 'Dhoor' करून ठेवलंय. मकरंदचं 'Canada' पण काढलं, तिथे त्याचं आडनाव टाकलंय.

तरी एक राहिलंच. आजीला मोबाइलमधल्या बाईशी एकेरीत तुटक बोलणं जमत नाही, ती शेवटी "बाई" लावते. "कॉल चिमणी, बाई." त्याचं पडद्यावर `Call Chimney Bhai` होतं आणि बाई म्हणते, असं कुणी नाही. आजीची सवय मोडायला मी गेलो नाही. टोपणनावाच्या जागी आता पूर्ण 'Chimney Bhai' लिहिलंय. काल तीनदा लावून पाहिला, तिन्ही वेळा तुलाच लागला. तू मीटिंगमध्ये होतीस आणि तीनदा कापलास, तो आम्हीच होतो.

तुझे
बाबा