बोनसचा आठवडा

पुणे, 7 सप्टेंबर 2025

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

काल विसर्जनाच्या गर्दीत फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून आज निवांत बसून लिहितोय. तू पाठवलेला पैशांच्या येण्या-जाण्याचा तेरा आठवड्यांचा तक्ता दोनदा वाचला. खर्चाची बाजू नीट आहे. पगार, पीएफ, 15 तारखेचा ॲडव्हान्स टॅक्स, भाडं, सगळं आपापल्या आठवड्यात बसलंय. पण जमेची बाजू तू ऑर्डरवर लिहिलेल्या मुदतीवरून भरलीस, आणि तिथेच मला काळजी वाटली.

तुझं ट्रॉल्यांचं मोठं बिल घे. 28 ऑगस्टचं, 5 लाख आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5 लाख 90 हजार. 45 दिवस मोजून तू ते 12 ऑक्टोबरला, पाचव्या आठवड्यात जमा दाखवलंस. मी तुझ्या पासबुकातून त्याच कंपनीची मागची सहा बिलं काढून पाहिली. पैसे आले ते 10 किंवा 25 तारखेलाच, मधे कधीही नाही. आणि त्यांचे अकाउंटवाले दिवस मोजतात ते तुझ्या बिलापासून नाही, त्यांच्या स्टोअरने जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, केल्यापासून, तेही 60. या मालाचा जीआरएन 3 सप्टेंबरला झाला. त्यात 60 दिवस मिळवले की 2 नोव्हेंबर, आणि त्यानंतरची पैसे सोडण्याची तारीख 10 नोव्हेंबर. म्हणजे पाचवा नाही, दहावा आठवडा.

सहाव्या आठवड्यात तुझा दिवाळीचा बोनस आहे, 2 लाख 40 हजार. तुझ्या तक्त्यात त्या आठवड्याअखेर 4 लाख 20 हजार शिल्लक दिसतात. ते 5 लाख 90 हजार पुढे सरकवले की तिथेच 1 लाख 70 हजारांचा खड्डा पडतो. माझ्या वर्कशॉपमध्ये मी हे एकदा भोगलंय. येणं कागदावर पूर्ण होतं आणि पोरांचा पगार नऊ दिवस थांबला. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. तुझ्याकडे निदान पाच आठवडे हातात आहेत.

या पाच आठवड्यांत काय करता येईल ते सांगतो. पत्र्याच्या व्यापाऱ्याला सहाव्या आठवड्यात द्यायचा एक लाख दहाव्यात घ्यायला आजच विचार. आधी सांगितलं तर तो ऐकेल, ऐनवेळी नाही. चाकणच्या लहान गिऱ्हाइकाचे 1 लाख 20 हजार सातव्या आठवड्यात आहेत. तो वेळेवर देतो, त्याला दिवाळीचं कारण सांगून एक आठवडा आधी माग. दोन्ही जमलं तर 50 हजार हातात उरतात. बँकेच्या कॅश क्रेडिटची मर्यादा त्याखाली राखीव असू दे, तक्त्यात तिला शिल्लक म्हणून धरू नकोस.

जीएसटीही तू पैसे येतील त्या आठवड्यात टाकलास. तुझं रिटर्न दरमहा असतं, त्यामुळे ऑगस्टच्या बिलाचा कर 20 सप्टेंबरला भरायचाय, गिऱ्हाइकाने दिले असोत वा नसोत. खरेदीवरचं क्रेडिट वजा जाऊन 50 हजार, दुसऱ्या आठवड्यात.

पुढच्या बिलासाठी एक हिशोब उलटा कर. हाच माल दोन दिवस आधी गेला असता आणि 26 ऑगस्टलाच जीआरएन झाला असता, तर 60 दिवस बरोबर 25 ऑक्टोबरला भरले असते. म्हणजे पंधरा-सोळा दिवस वाचले असते. त्यामुळे गाडी सोडायची तारीख त्यांच्या पैसे सोडण्याच्या तारखेवरून ठरव, आणि माल पोचला की स्टोअरमधून जीआरएन नंबर घेतल्याशिवाय ड्रायव्हरला परत पाठवू नकोस.

तुझं उद्यम रजिस्ट्रेशन आहे. 2006 च्या कायद्याने लहान उद्योगाला 45 दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, आणि मुदत उलटून मार्चअखेर थकलेलं बिल त्या कंपनीला आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही. हे त्यांच्या खरेदी विभागाशी बोलताना जरूर वापर. पण तक्त्यात कायद्याची तारीख टाकू नकोस. तिथे त्यांची सवयच टाक. ज्या बिलावर मालाच्या दर्जाचा वाद चालू आहे, त्याची रक्कम शून्य धर आणि खाली वेगळी लिहून ठेव.

दर सोमवारी गेलेल्या आठवड्याचे खरे आकडे भर, तो बाजूला काढ आणि शेवटी नवा तेरावा आठवडा जोड. जुना अंदाज मात्र पुसू नकोस. शेजारी ठेवलास तर रक्कम कमी आली की नुसती उशिरा आली, हे वेगळं दिसतं. उशीर असेल तर नवी तारीख लिही आणि ती कोणी सांगितली तेही लिही. एकाच गिऱ्हाइकाची तारीख तीनदा सरकली, तर त्याची नवी ऑर्डर घेण्याआधी ॲडव्हान्स मागायची वेळ आली समज.

उद्या पहिला आठवडा सुरू होतोय. पत्रेवाल्याशी बोलणं झालं की मला कळव, म्हणजे आपण सहावा आठवडा पुन्हा मांडू. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश