बाबांची गुरुवारची तपासणी

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्हाला न विचारताच गुरुवारी सकाळी अकराची कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं आतून पाहण्याची तपासणी, ठरवली आहे. रागवा, पण आधी हे वाचा.

आईचं आणि तुमचं दुखणं एक नाही. आईला शौचाच्या वेळी चिरल्यासारखं होतं, मग दोन तास आग होते आणि कागदावर रक्ताची बारीक रेघ दिसते. ते फिशर आहे, डॉक्टरांनी पाहिलंय. आई, दोनदा दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बस. रात्री इसबगोल भरपूर पाण्यासोबतच घे, कमी पाण्यात ते उलट अडकतं. मलम बरं वाटलं म्हणून थांबवू नकोस. चीर भरायला सहा-आठ आठवडे लागतात, आणि दुखेल म्हणून शौच रोखलं की खडा होऊन ती पुन्हा फाटते.

बाबा, तुम्ही म्हणता मूळव्याध आहे, जुनीच. असेलही. पण तिचं रक्त लालभडक असतं, शौचानंतर थेंब-थेंब पडतं आणि सहसा दुखत नाही. तुमचं रक्त गडद आहे, मळात मिसळलेलं, सोबत शेंबडासारखं. दीड महिना दिवसातून चारदा जाता, तरी पोट साफ वाटत नाही. हिमोग्लोबिन 9.8 आलंय. अडुसष्टाव्या वर्षी एवढं रक्त कमी झालं, तर त्याचा दोष आधी आतडं पाहिल्याशिवाय मूळव्याधीवर टाकता येत नाही. मूळव्याध दिसली म्हणून वर दुसरं काही नाही, असंही नसतं. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला आलेला कोंब, निघाला तर बहुतेकदा त्याच वेळी काढतात. घाबरू नका. शक्यता तपासून संपवायची आहे, एवढंच.

झोपेचं इंजेक्शन देतात, त्यामुळे फारसं जाणवत नाही. मला लहानपणी ताप आला की तुम्ही रात्रभर उशाशी बसायचात. आता मी बाहेर बसेन.

आता मुकाट्याने ऐकायचं. लोहाच्या गोळ्या आजपासून बंद, त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. हृदयाची गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारून मी सांगते. मंगळवारपासून पेरू, टोमॅटो, तीळ, पालेभाजी नाही. मऊ भात, मुगाचं वरण, दही चालेल. बुधवारी फक्त पातळ आणि गाळलेलं: पेज, शहाळं, बिनदुधाचा चहा. पोट साफ करायच्या पावडरचं पाणी अर्धं बुधवारी संध्याकाळी आणि अर्धं गुरुवारी पहाटे, नऊच्या आत संपवून. गार करून प्या, चव सुसह्य होते. शेवटी लघवीसारखं पिवळसर स्वच्छ पाणी पडायला हवं. गढूळ राहिलं तर पॉलिप लपतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं. तसं दिसलं तर पहाटेच फोन करा.

आई, संडासातला दिवा आणि मऊ कागद बुधवारीच बघून ठेव. गाडी मी घेऊन येते.

तुमची,
छकुली