अर्थमंत्र्यांना खुलं पत्र: वर्षात दोन पगार झाले की निदान फेब्रुवारीत एक एसएमएस पाठवा

माननीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांस,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात नोकरदार लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न भरून देते. वर्षाच्या मधेच नोकरी बदललेली मुलं दरवर्षी डिमांडची, म्हणजे बाकी टॅक्स भरा म्हणणारी नोटीस घेऊन माझ्याकडे येतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, मॅडम, दोन्ही कंपन्यांनी टीडीएस कापलाय, मग हा अजून टॅक्स कसला?

एकाचे आकडे सांगते. वर्ष २०२४-२५, नवीन रिजीम. एप्रिल ते सप्टेंबर पहिल्या कंपनीत महिना १,४०,००० म्हणजे ८,४०,०००. सोडताना फुल अँड फायनलमध्ये त्या कंपनीने फक्त स्वतःकडच्या सहा महिन्यांचा हिशोब धरला, ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन वजा केलं आणि सेससकट २७,५६० कापले. ऑक्टोबरपासून दुसरी कंपनी, महिना १,५०,०००, मार्चपर्यंत ९ लाख. तिनेही पुन्हा तेच ७५,००० वजा केले, पुन्हा पहिले तीन लाख करमुक्त धरले आणि ३३,८०० कापले. दोन्ही मिळून टीडीएस ६१,३६०. आता खरा हिशोब बघा, एकूण पगार १७,४०,०००, डिडक्शन एकदाच, उरले १६,६५,०००, त्यावर सेससकट टॅक्स १,९७,०८०. म्हणजे १,३५,७२० कमी पडले, कारण डिडक्शन आणि खालचे स्वस्त स्लॅब दोनदा वापरले गेले आणि ३० टक्क्यांचा स्लॅब दोन्हीकडे कोणाला दिसलाच नाही.

वर कलम २३४बी चं व्याज, अॅडव्हान्स टॅक्स म्हणजे वर्ष संपायच्या आत भरायचा टॅक्स कमी पडला म्हणून, १ एप्रिलपासून महिन्याला एक टक्का, इथे दरमहा १,३५७ रुपये. अॅडव्हान्स टॅक्सचे हप्ते चुकले म्हणून २३४सी चं वेगळं. पगारदार माणसाला अॅडव्हान्स टॅक्स आपल्यालाही लागू होतो हेच माहीत नसतं हो.

या मुलाने दोन्ही फॉर्म १६ धरूनच रिटर्न भरलं होतं, काही लपवलं नाही, पण एवढी रक्कम हाताशी नव्हती म्हणून Pay Later करून सबमिट केलं आणि मग कलम १४३(१) ची इंटिमेशन आली, म्हणजे रिटर्न तपासून डिपार्टमेंटने पाठवलेला हिशोब. अशी इंटिमेशन आली की मी आधी त्यातले दोन कॉलम शेजारी शेजारी वाचते, एक आपण भरलेलं आणि दुसरं डिपार्टमेंटने काढलेलं. उत्पन्न आणि टीडीएस दोन्हीकडे सारखं असेल आणि फक्त भरलेला टॅक्स कमी असेल तर डिमांड बरोबर आहे, भांडण्यात अर्थ नाही. मग पोर्टलवर Response to Outstanding Demand मध्ये जाऊन डिमांड मान्य करायची आणि तिथूनच पैसे भरायचे, म्हणजे चलन ४०० या मायनर हेडखाली त्याच डिमांड नंबरला लागतं. बरेच जण बाहेरून ३०० या सेल्फ असेसमेंट टॅक्सच्या हेडखाली भरतात, पैसे जातात पण डिमांड तशीच लटकत राहते. तीस दिवसांत भरलं नाही तर कलम २२०(२) चं व्याज परत सुरू. आणि टीडीएसच कमी दिसत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा उतारा काढून बघायचं, एखाद्या कंपनीने कापलेला टॅक्स रिटर्नमध्ये घ्यायचा राहिला असेल तर डिमांड अमान्य करून कारण द्यायचं आणि कलम १५४ खाली रेक्टिफिकेशन, म्हणजे चूक दुरुस्तीचा अर्ज टाकायचा.

आता माझं मागणं. यावर उपाय कायद्यात होताच, फॉर्म १२बी, जुन्या पगाराचा आणि टीडीएसचा तपशील नव्या कंपनीला द्यायचा. पण १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९२(२) ने तो देणं कर्मचाऱ्याच्या मर्जीवर ठेवलं, आणि जॉइन होताना पन्नास कागदांवर सह्या घेणारी एचआर हा एक कागद मागतेच असं नाही. तो मागणं कंपनीला बंधनकारक करा, कर्मचाऱ्याला द्यायचा नसेल तर तसं त्याने लिहून द्यावं, पण विचारलं तरी गेलं पाहिजे.

दुसरं, डिपार्टमेंटला हे मार्चच्या आधीच कळतं. ऑक्टोबर ते डिसेंबरचं टीडीएस स्टेटमेंट, २४क्यू, ३१ जानेवारीपर्यंत भरावं लागतं, आणि त्यात पॅननुसार पगार आणि टीडीएस असतो. एकाच पॅनवर एप्रिल ते सप्टेंबर एका टॅनचा, म्हणजे टॅक्स कापणाऱ्या एका कंपनीचा, आणि नंतर दुसऱ्याच टॅनचा पगार, हे तुमच्या सिस्टीमला फेब्रुवारीत दिसू शकतं. तेव्हाच त्या माणसाला एसएमएस जाऊ दे, तुमचे दोन पगार दिसतात, नव्या कंपनीला १२बी द्या नाहीतर १५ मार्चपर्यंत अॅडव्हान्स टॅक्स भरा. फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून जमेल तेवढं कापलं जाईल, बाकीचं तो ३१ मार्चच्या आत भरेल आणि २३४बी लागणारच नाही. जानेवारी ते मार्चमध्ये नोकरी बदलणाऱ्यांना याचा उपयोग नाही हे मला मान्य आहे, त्यांच्यासाठी १२बी चीच सक्ती हवी.

टॅक्स माफ करा असं मी म्हणत नाहीये, तो देणं लागतोच. पण डिपार्टमेंटला फेब्रुवारीत दिसू शकणारी गोष्ट त्या मुलाला डिसेंबरमध्ये व्याजासकट कळावी, हे बदला.

आपली,
पुण्यातली एक टॅक्स रिटर्न भरून देणारी