टेम्पोच्या लीजचा हप्ता चुकीच्या पद्धतीने काढल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
वाहन लीज विभाग, मुंबई

विषय: करारात घटत्या शिलकीवर 12 टक्के दर असताना फ्लॅट पद्धतीने हप्ता आकारल्याबाबत

महोदय,

आम्ही लालबागला राहतो. माझे पती वाशीच्या मार्केटमधून दादर-परळच्या दुकानदारांना भाजी पोचवतात आणि त्यासाठी आपल्या कंपनीकडून आम्ही एक टेम्पो लीजवर घेतला आहे. गाडी ते चालवतात, हिशेब मी ठेवते. आजवर 14 हप्ते भरले, एकही चुकवलेला नाही. हे आधीच सांगते, कारण आपल्या शाखेत माझा प्रश्न ऐकल्यावर पहिल्यांदा "हप्ता थकला आहे का?" असेच विचारले गेले.

करार असा आहे: आपण गाडीत घातलेली रक्कम 8,00,000 रुपये. मुदत 36 महिने. दर वर्षाला 12 टक्के, म्हणजे महिन्याला 1 टक्का, आणि तोही घटत्या शिलकीवर. कराराच्या तिसऱ्या पानावर हे शब्द छापलेले आहेत. पहिला हप्ता गाडी ताब्यात आल्यावर एक महिन्याने, आणि छत्तिसाव्या हप्त्याबरोबर 3,00,000 रुपयांची ठोक रक्कम, जिला आपले लोक बलून म्हणतात. ती भरली की गाडी आमच्या नावावर. दरमहा हप्ता 21,889 रुपये. त्यावरचा जीएसटी वेगळा, तो खालच्या आकड्यांत धरलेला नाही.

शंका आली ती गेल्या महिन्यात मागवलेल्या खातेउताऱ्यावरून. व्याजाच्या रकान्यात पहिल्या महिन्यापुढे 8,000 आहेत, ते बरोबर आहेत, आठ लाखांचा एक टक्का तेवढाच होतो. पण दुसऱ्या महिन्यापुढेही 8,000, तिसऱ्यापुढेही 8,000, आणि चौदाव्यापुढेही तेच. मी पट्टी लावून रकाना खालपर्यंत पाहिला, आकडा एका रुपयानेही हलत नाही. त्याच ओळीत शेजारी बाकी मुद्दल मात्र दर महिन्याला 13,889 रुपयांनी उतरते आहे. चौदाव्या हप्त्यानंतर उताऱ्यावर बाकी आहे 6,05,554 रुपये. पंधराव्या महिन्याचे व्याज त्यावर एक टक्क्याने 6,056 व्हायला हवे. पुढच्या हप्त्यांच्या तक्त्यात आपण ते 8,000 धरले आहे. शिलक घटते आणि व्याज घटत नाही, तर मग घटत्या शिलकीवरचा दर म्हणजे काय?

21,889 हा आकडा कुठून आला तेही मी शोधले. आठ लाखांवर 12 टक्क्यांनी तीन वर्षांचे सरळ व्याज 2,88,000 रुपये. ते मुद्दलात मिळवले, त्यातून शेवटचे तीन लाख वजा केले, उरलेल्या 7,88,000 रुपयांना 36 ने भागले, की 21,889 येतात. म्हणजे आम्ही जे मुद्दल कधीच फेडून टाकले त्यावरही शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज लावलेले आहे.

शाखेतले अधिकारी म्हणाले, "ताई, तीन लाख तुम्ही शेवटी देणार, त्याचे व्याज लागतेच." ते खरे आहे, आणि मी ते नाकारत नाही. ते तीन लाख पूर्ण 36 महिने आमच्याकडे राहतात, म्हणून त्यावर दरमहा 3,000 रुपये व्याज आपले हक्काचे आहे. उरतात पाच लाख, जे आम्ही हप्त्याहप्त्याने फेडतो. पाच लाखांचा 1 टक्क्याने 36 महिन्यांचा साधा हप्ता 16,607 रुपये होतो. दोन्ही मिळून 19,607. पडताळा दुसऱ्या बाजूनेही घेतला. तीन वर्षांनी द्यायच्या तीन लाखांची आजची किंमत 1 टक्क्याने 2,09,677 रुपये. ती आठ लाखांतून वजा करून उरलेल्या 5,90,323 रुपयांचा 36 महिन्यांचा हप्ता काढला, तरी 19,607 च येतो. आपल्या संगणकावर एक्सेलमध्ये हे टाकून पाहावे:

```
=PMT(1%,36,-800000,300000)
```

इथे चिन्हे सांभाळावी लागतात. आठ लाख उणे आणि तीन लाख अधिक. तीन लाखांनाही उणे लावले तर हप्ता 33,000 च्या वर जातो आणि कुणीही म्हणेल की आपण आम्हाला स्वस्तातच दिले.

तेव्हा दर हप्त्याला 2,282 रुपये जास्त घेतले जात आहेत. 36 महिन्यांत ते 82,152 रुपये होतात, आणि वाढीव हप्त्यावरचा जीएसटी आणखी वर. 21,889 हप्ता आणि शेवटी तीन लाख हे दोन्ही धरले तर खरा दर वर्षाला सुमारे 16.6 टक्के पडतो. 16.6 टक्के सांगितले असते तर आम्ही दुसरीकडे चौकशी केली असती. शोरूममध्ये आपल्या प्रतिनिधीने कागदावर मोठ्या अक्षरात 12 लिहून त्याभोवती गोल केला होता. तो कागद मी जपून ठेवला आहे.

"सिस्टीमने काढलेला हप्ता बदलता येत नाही" असेही मला सांगितले. तो बदलायचा नसेल तर मग शेवटची रक्कम बदला. दरमहा 21,889 भरत राहिलो तर कराराच्या दराने छत्तिसाव्या हप्त्यानंतर शिल्लक राहतात सुमारे 2,01,700 रुपये. मग तीन लाख कसले मागता? या दोन आकड्यांपैकी एक चुकीचा आहेच.

माझी मागणी अशी आहे. भरलेले 14 हप्ते पूर्ण जमा धरून कराराच्या दराने आजची बाकी काढावी. माझ्या हिशेबाने ती उताऱ्यावरच्या 6,05,554 ऐवजी 5,92,395 रुपये येते. बलून तीन लाखच ठेवून उरलेल्या 22 महिन्यांचा हप्ता मग 17,872 रुपये होतो. पंधराव्या हप्त्यापासून बँकेतून तेवढाच कापावा, जीएसटी त्या प्रमाणात कमी करावा, आणि महिन्यागणिक व्याज व मुद्दल वेगवेगळे दाखवणारा, शेवटी बरोबर 3,00,000 वर येऊन थांबणारा नवा तक्ता सहीशिक्क्यानिशी द्यावा. आधीच्या जादा जीएसटीचे काय करणार तेही लेखी कळवावे. माझ्या हिशेबात चूक असेल तर ती कोणत्या ओळीत आहे ते दाखवा, मी मान्य करीन.

आमच्या घरात 2,282 रुपये म्हणजे टेम्पोच्या काही दिवसांच्या डिझेलचे पैसे. ते दर महिन्याला पाच तारखेला खात्यातून निघून जातात, आणि पती पहाटे तीनला वाशीला निघतात तेव्हा मला तेच आठवते.

30 दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नोंदवणार आहे. सोबत कराराच्या तिसऱ्या पानाची प्रत, खातेउतारा, शोरूममधला कागद आणि मी हाताने केलेला 36 महिन्यांचा तक्ता जोडला आहे. या पत्राच्या प्रतीवर पोच द्यावी.

कळावे,

आपली ग्राहक,
लालबाग, मुंबई